मावशीचं न घेतलेलं माप

मी काय काम करते हे आमच्या घरात कुणालाच धड सांगता येत नसे. वडील म्हणायचे, दवाखान्यात आहे. शेजारणींनी विचारलं की आई म्हणायची, "जुळी मोजते." त्यातल्या त्यात आईचंच उत्तर खरं होतं.

नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. नाशकातल्या एका धर्मादाय रुग्णालयात मोठ्या वयाच्या जुळ्यांच्या रक्तदाबाचा अभ्यास चालू होता. मी संख्याशास्त्रात पदवी घेऊन घरी बसले होते आणि घरच्यांना माझं लग्न सुचायच्या आत मला ही नोकरी सुचली. काम दोन प्रकारचं होतं. आधी जिल्ह्यात हिंडून जुळी शोधायची आणि मग त्यांची मापं संगणकात भरायची. पहिलं काम जास्त अवघड होतं. सटाण्याच्या बाजारात एका माणसानं माझ्यासमोर दोन बाप्ये आणून उभे केले. एक गोरा, एक सावळा, वयात निदान चार वर्षांचं अंतर. मी म्हणाले, ही जुळी नाहीत. तो म्हणाला, "दोन्हीसना बाप एकच शे." एवढा पुरावा त्याला पुरेसा वाटत होता. मी दोघांना चहा पाजून परत पाठवलं.

अभ्यास साधा होता. जुळी दोन प्रकारची असतात. एकाच बीजाचे दोन भाग होऊन झालेली, आणि दोन वेगळ्या बीजांची. पहिल्या प्रकारात दोघांचा वारसा सगळा सारखा. दुसऱ्या प्रकारात तो सख्ख्या भावंडांइतकाच, म्हणजे सरासरी अर्धा सारखा. दोन्ही प्रकारची जुळी एका घरात वाढतात आणि एकाच पातेल्यातलं खातात. तरीही एकबीज जोड्यांमधले रक्तदाब एकमेकांशी जास्त जुळत असतील आणि दुसऱ्या जोड्यांमधले कमी, तर हा जास्तीचा सारखेपणा वारशाच्या खात्यावर टाकायचा. त्या दोन सारखेपणांतल्या फरकाची दुप्पट केली की एक अंदाज मिळतो: लोकांलोकांच्या रक्तदाबात जो फरक दिसतो, त्यातला किती भाग वारशामुळे आहे.

आमचे सर, म्हणजे या अभ्यासाचे प्रमुख, दर सोमवारी हे आम्हाला पुन्हा सांगत. "हा आकडा फरकांचा आहे," ते म्हणत. "एका माणसाच्या रक्तदाबातला किती बापाकडून आला, असा त्याचा अर्थ नाही. आणि हा आजच्या परिस्थितीतला आकडा आहे. वारशानं आलेली गोष्ट बदलत नाही असं तो म्हणत नाही." मग ते उंचीचं उदाहरण देत. उंचीत वारसा भरपूर असतो, तरी लहानपणी नीट जेवलेली नातवंडं आजोबांच्या डोक्यावरून पलीकडे बघतात. आम्ही माना डोलवायचो. मला हे सगळं पाठ होतं, आणि पाठ असलेली गोष्ट समजलेली असते अशी माझी तेव्हा समजूत होती.

सरांचा आणखी एक नियम होता. जोडीतल्या दोघांना एकाच माणसानं मोजायचं नाही. एकाचं माप डोळ्यांसमोर असलं की दुसऱ्याच्या वेळी पारा आपोआप त्याच जागी थांबलेला दिसतो. म्हणून दोन खोल्या, दोन मोजणाऱ्या मुली. प्रत्येकीनं जोडीतल्या एकाचाच रक्तदाब घ्यायचा, वजन-उंची घ्यायची, रक्त काढायचं. दुसऱ्या खोलीत काय चाललंय ते बघायचं नाही. आणि जोडी कुणाच्या नात्यातली असेल तर त्या माणसानं मोजण्याच्या बाजूला फिरकायचंसुद्धा नाही.

हा नियम माझ्यासाठीच केल्यासारखा होता, कारण माझी आई आणि मावशी जुळ्या.

दोघी मखमलाबादच्या मळ्यात वाढल्या. माहेरी शेवंती, झेंडू, मेथी, कोथिंबीर. पहाटे फुलं तोडायची, पाट्या भरायच्या आणि बाजारात बसायचं. गिऱ्हाइकं एकीशी घासाघीस अर्धवट सोडून जायची आणि दुसरीशी पुढे चालू ठेवायची. आई लग्न होऊन पंचवटीत आली. मावशीला रेल्वेतला नोकरीवाला मिळाला आणि ती इगतपुरीला गेली. रागवायच्या दोघी सारख्याच, म्हणजे लवकर. आईला चाळिशीनंतर रक्तदाब निघाला आणि ती रोज सकाळी एक गोळी घेऊ लागली. मावशी दवाखान्याच्या पायरीला भ्यायची. तिला सुईची भीती होती आणि डॉक्टर काय सांगेल याची त्याहून जास्त. जेवताना पानात वरून मीठ घेतल्याशिवाय तिचा घास उतरत नसे, आणि डॉक्टर आधी तेच बंद करणार हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दोघींनी अभ्यासात यावं म्हणून मीच मागे लागले. घरी बसून मी त्यांना सगळं समजावलं. तुम्ही एकबीज, तुमचा वारसा शंभर टक्के एक, तुमच्यासारख्या जोडीची विज्ञानाला फार गरज आहे वगैरे. मावशीनं विचारलं, "म्हंजे हिच्यात जे हाय ते माझ्यात हाय?" मी म्हणाले, हो, अगदी तसंच. त्या वेळी मला हे उत्तर बरोबर वाटलं होतं.

त्या आल्या त्या एका लग्नात घेतलेल्या एकसारख्या हिरव्या साड्या नेसून. टेबलापाशी मीच त्यांची नावं लिहून घेतली. अर्जात 'थोरली कोण' असा प्रश्न होता. आमच्याकडे मागून जन्मलेलं ते थोरलं मानतात, त्यामुळे त्यावरून वाद झाला आणि दोघींनी आपापल्या अर्जावर 'मी' असं लिहवून घेतलं. मग नियमाप्रमाणे मी आतल्या संगणकाच्या खोलीत जाऊन बसले. तासाभरानं दोघी व्हरांड्यात चहा पिताना दिसल्या. मावशी खुशीत होती. सुईच्या भीतीतून ती इतक्या लवकर सावरली याचं मला कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांची मापं भरली. रक्तदाब जवळजवळ एकच. उंची एक. रक्तगट एक. वजन तर ग्रॅमच्या काट्यापर्यंत एक. मी ते दोन आकडे एकाखाली एक लिहिले आणि फरकाच्या रकान्यात शून्य टाकलं. मावशीच्या बांगड्या आईच्या मनगटात खुळखुळायच्या, हे मी लहानपणापासून पाहत होते. मावशी आईपेक्षा अंगानं चांगली भरलेली होती. हे सगळं डोक्यात असताना मी ते शून्य टाकलं आणि वर सरांना दाखवायला घेऊन गेले.

सरांनी फक्त एवढंच विचारलं, "एकीला गोळी आहे, दुसरीला नाही, तरी दाब सारखा?" मग स्वतःच म्हणाले, एका जोडीवरून काही ठरवायचं नाही. मी मात्र ठरवलं. घरी जाऊन आईला म्हणाले, बघ, मावशी गोळी न घेता तुझ्याइतकीच. सगळं रक्तातच असतं. आई काही बोलली नाही. एरवी ती कुठल्याही गोष्टीवर बोलत असे.

भाग घेणाऱ्या प्रत्येकाला रुग्णालयाकडून एक चिठ्ठी मिळायची. मावशीच्या चिठ्ठीत लिहिलं होतं: रक्तदाब मर्यादेत, सध्या औषधाची गरज नाही. तिनं ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्यामागे ठेवली. कुणी तब्येतीचं विचारलं की ती चिठ्ठी बाहेर यायची. ती चिठ्ठी मीच छापून पाकिटात घातली होती.

दोन-अडीच वर्षांनी मावशी इगतपुरीत भर दुपारी ओट्यापाशी कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. रेल्वेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी काकांना, म्हणजे मावशीच्या नवऱ्याला, विचारलं, रक्तदाबाचं औषध चालू होतं का? काकांनी खिशातून चिठ्ठी काढून पुढे केली. येताना त्यांनी घरातून तेवढीच एक गोष्ट उचलली होती. डॉक्टर म्हणाले, हृदयावरचा ताण बराच जुना दिसतोय, हा रक्तदाब कालपरवाचा नाही. मावशी दुसऱ्या दिवशी गेली.

दिवस झाले, पाहुणे गेले. काकांनी मावशीच्या बांगड्या आईला दिल्या. आईनं त्या घातल्या आणि घरभर खुळखुळत हिंडू लागली. महिनाभरानं मी तिच्या गोळ्या आणायला निघाले तर डब्यात आधीची स्ट्रिप होती तशीच. एकही गोळी फोडलेली नव्हती.

मी विचारलं, हे काय?

"आता कशाला?" आई म्हणाली. "आम्ही एकाच मातीच्या. ती गेली, माझं काय राहिलंय."

मी चिडले. भीती वाटली की मला राग येतो, आणि त्या दिवशी मला खूप भीती वाटली होती. मी सोमवारचं सगळं पाठांतर म्हणून दाखवलं. वारसा असला तरी नशीब ठरलेलं नसतं, एकबीज जुळीसुद्धा वेगवेगळ्या आजारांनी वेगवेगळ्या वयात जातात, गोळी वारसा बदलत नाही पण दाब उतरवते. आईनं भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तूच सांगितलं होतंस ना, गोळी घेतली काय न घेतली काय, दोघींचं सारखंच."

ते मीच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी दोघींची फाइल काढून सरांकडे गेले. मला एक तरी असा पुरावा हवा होता, जो घरी नेऊन आईसमोर ठेवता येईल. फाइलमधला पुरावा उलटाच होता. गोळीवाली आणि बिनगोळीवाली, दाब एकच. सरांनी दोघींचे कागद शेजारी शेजारी ठेवले. मग त्यांनी वजनाच्या आकड्यावर बोट ठेवलं. "तुमच्या मावशी आईंसारख्याच अंगाच्या होत्या का?"

मी म्हणाले, नाही. आणि नाही म्हणतानाच मला बांगड्या आठवल्या.

घरी आले तेव्हा आई मागच्या अंगणात शेवंतीच्या वाफ्यात होती. माहेरून आणलेल्या झाडाचे फुटवे ती दर वर्षी लावायची आणि जरा वाढले की शेंडे खुडायची, म्हणजे झाड सरळ न वाढता फुटतं. मी विचारलं, "आई, त्या दिवशी दोन्ही खोल्यांत कोण गेलं होतं?"

तिनं मान वर केली नाही. "मीच," ती म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. पहिल्या खोलीतून ती बाहेर आली तेव्हा मावशी व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होती, आत पाऊल टाकेना. म्हणाली, माझंही तूच दे. तुझं न् माझं एकच हाय, पोरीनंच सांगितलं. आईला त्यात काही खोटं वाटलं नाही. शाळेत मावशीची गणिताची तोंडी परीक्षा आईनं दिली होती आणि आईची कवितेची मावशीनं, आणि तिथे तर दोघींचं डोकं खरोखरच वेगळं होतं. इथे तर रक्ताचाच प्रश्न होता. एकदा डाव्या हातातून काढलं, एकदा उजव्या. दुसऱ्या मुलीनं विचारलं, औषध घेता का? आईनं मावशीचं खरं उत्तर दिलं, नाही.

मी वाफ्याच्या कडेला बसले. सगळ्या गोष्टी आता आपोआप जागेवर बसत होत्या आणि मला त्या बसायला नको होत्या. कागदावरची मावशी म्हणजे गोळी घेणारी आईच होती. खऱ्या मावशीचा दाब कुणी मोजलाच नव्हता. दोघींचा वारसा एक, पण एकीला सकाळी गोळी होती आणि एकीच्या पानात वरून मीठ होतं. आई जिवंत होती आणि मावशी नव्हती. वारसा असूनही माणूस बदलतो याचा याहून चांगला पुरावा मला सापडला नसता. पण तो आईला सांगायचा म्हणजे तिला हेही सांगायचं होतं की तू तिच्यासाठी हात पुढे केलास म्हणून तिला गोळी मिळाली नाही.

न सांगावं असं मला मनापासून वाटलं. सांगितलं तर ती मोडेल आणि न सांगितलं तर ती गोळी घेणार नाही, हे दोन्ही मला दिसत होतं. तेवढ्यात आईनंच विचारलं.

"तिनं तिचा हात दिला असता, तर तिचा जास्त निघाला असता?"

"बहुतेक."

"मग गोळी दिली असती?"

"दिली असती."

"न् मग ती ऱ्हायली असती?"

"ते कुणी नक्की नाही सांगू शकत," मी म्हणाले. "गोळीनं धोका कमी होतो. एका माणसाचं काय झालं असतं ते सांगता येत नाही." हे खरं होतं. मी ते सरांच्या आवाजात म्हणाले, कारण माझ्या आवाजात जमलं नसतं.

आईनं हातातला शेंडा खुडला. "म्हंजे मी."

"म्हणजे मी," मी म्हणाले. "तुम्ही दोघी एकच असं सांगितलं मी. वजनाचं शून्य लिहिलं मी. चिठ्ठी छापली मी."

मी रडले. आई रडली नाही. शेवटी तिनं वाफ्याकडे बघत म्हटलं, "हे समदे एकाच झाडाचे. त्या कोपऱ्यातले खुडायचे ऱ्हाऊन गेले, बघ कसे लोळलेत." मला वाटलं ती विषय बदलतेय. ती उठली, हात धुतले, आत गेली आणि गोळी घेतली. पाणी पिताना बांगड्यांचा आवाज आला. पुन्हा मी तिला त्यावरून कधी काही म्हटलं नाही, आणि स्ट्रिपा वेळेवर संपत राहिल्या.

सरांनी ती जोडी अभ्यासातून काढून टाकली. मी सगळी आकडेमोड नव्यानं केली. इतक्या जोड्यांतून एक गेल्यानं आकडा जेमतेम हलला. सरांनी नियमात भर घातली: दोघांना एकाच वेळी, शेजारशेजारच्या खोल्यांत न्यायचं. मला ते ओरडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "चूक माझीही आहे. मापं लपवायची व्यवस्था केली, माणसं ओळखायची केली नाही." चिठ्ठीबद्दल आम्ही दोघांनीही काही बोलायचं टाळलं.

पुढे अभ्यास संपला, माझी नोकरी बदलली, नवं शतकही आलं. मावशीच्या मुलीनं तोवर तिशी ओलांडली होती. इगतपुरीहून ती आमच्याकडे आली की हसताना, चिडताना मावशीच समोर उभी आहे असं वाटायचं. तिचं डोकं वरचेवर दुखायचं. आई तिला घेऊन रुग्णालयात निघाली आणि मलाही बरोबर घेतलं.

रांगेत बसल्यावर मावसबहीण म्हणाली, "मावशी, बघायचं काय त्यात? आईला होतं, तुम्हालाही हाय. मलाही असणार. जे असेल ते आईसारखंच व्हायचं."

आईनं मनगटातल्या मावशीच्या बांगड्या एकेक करून काढल्या आणि भाचीच्या हातात चढवल्या. तिथे त्या खुळखुळल्या नाहीत, नीट घट्ट बसल्या.

"तेवढ्या आईसारख्या," आई म्हणाली.

आतून नाव पुकारलं. मोजणारी मुलगी नवीन होती. तिनं आम्हा तिघींकडे पाहून विचारलं, कुणाचं बघायचंय? आईनं भाचीला दंडाला धरून स्टुलावर बसवलं, बांगड्या कोपराकडे ढकलल्या आणि तिचा हात टेबलावर सरळ करून ठेवला.

"हिचं," ती म्हणाली. "माझं नंतर. वेगळं लिहा."